'नोंदलेले' हा शब्द कुठे गेला?

जयंतीच्या आठवड्यात आपल्या ग्रुपांवर एक चित्र फिरत होतं. लाल रंगाचे चार उभे स्तंभ, खाली चार राज्यांची नावं आणि वर ठळक अक्षरांत : 'दलितांवर सर्वाधिक अत्याचार उत्तर प्रदेशात!' कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'स्रोत : एनसीआरबी'. मीही ते पुढे पाठवलं. रविवारी वस्तीतल्या अभ्यासवर्गात अकरावीतल्या एका मुलीने मोबाईल पुढे करून विचारलं, "दादा, यूपीत आपले लोकही जास्तच आहेत ना? मग आकडा मोठा येणारच की."

तिचा प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते चित्रातही नव्हतं.

आकडे खोटे नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात अनुसूचित जातींवरील गुन्हे उत्तर प्रदेशात १५,३६८, राजस्थानात ८,७५२, मध्य प्रदेशात ७,७३३ आणि बिहारमध्ये ६,५०९ आहेत. आता २०११ च्या जनगणनेतली अनुसूचित जातींची लोकसंख्या शेजारी ठेवा. उत्तर प्रदेशात सुमारे ४ कोटी १४ लाख, राजस्थानात १ कोटी २२ लाख, मध्य प्रदेशात १ कोटी १३ लाख, बिहारमध्ये १ कोटी ६६ लाख. भागाकार केला की दर एक लाखामागे राजस्थान ७१.६, मध्य प्रदेश ६८.२, बिहार ३९.३ आणि उत्तर प्रदेश ३७.२ येतो. चारांत पहिला असलेला शेवटी गेला!

म्हणजे उत्तर प्रदेशात सगळं आलबेल आहे का? अजिबात नाही. पंधरा हजार प्रकरणं म्हणजे पंधरा हजार प्रकरणंच. पण आपल्या शीर्षकाने राजस्थान आणि मध्य प्रदेशच्या सरकारांना आयती सावली दिली. संख्या आणि दर ही दोन वेगळी मापं आहेत. 'सर्वाधिक' हा शब्द यातलं कोणतं माप ते लपवतो. म्हणून शीर्षकात 'सर्वाधिक' लिहायचं असेल, तर कशात सर्वाधिक हेही तिथेच लिहावं लागतं.

पण त्या शीर्षकातली याहून मोठी चूक दुसरीच आहे. त्यात 'नोंदलेले' हा शब्द नाही. हा अहवाल अत्याचार मोजत नाही, पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे मोजतो. ठाण्यातून हाकलून दिलेली बाई, गावकीच्या दबावाने 'मिटवलेलं' प्रकरण, बहिष्काराच्या भीतीने गप्प बसलेलं कुटुंब, यांच्यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही. गुन्हा नोंदवून न घेणं इतकं नित्याचं आहे, की अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ मध्ये कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षेची तरतूद करावी लागली. त्यामुळे एखाद्या राज्याचा स्तंभ बुटका असेल, तर तिथे अत्याचार कमी आहेत, किंवा तिथलं ठाणं दार उघडत नाही. चित्र पाहून यातलं कोणतं, ते सांगता येत नाही. उंच स्तंभाचंही तसंच आहे. कार्यकर्ते जागे असले, लोक ठाण्यापर्यंत पोहोचू लागले, तरी नोंद वाढते.

'नोंदलेले' हा शब्द गाळला की पहिला फायदा सत्तेचा होतो. उद्या आकडा घटला, की 'दलित अत्याचारांत घट' असं शीर्षक तेही छापतील. तेव्हा 'ही तर फक्त नोंद आहे' असं आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? आज वाढ दाखवताना तो शब्द आपणच खाल्लेला असेल.

काही मित्र म्हणतात, बातमीत खाली सगळं लिहिलेलं असतं, चित्रावर कशाला गर्दी? पण फोनवर बातमी प्रवास करत नाही, चित्र करतं. कुणीतरी स्क्रीनशॉट काढतो, कडा कापतो, पुढे ढकलतो. म्हणून जे चित्रावर नाही, ते वाचकासाठी नाहीच. लेखात दिलेला खुलासा चित्राच्या कामाचा नाही.

तेच चित्र नव्याने लिहू. शीर्षक : 'राजस्थानात अनुसूचित जातींवरील नोंदलेल्या गुन्ह्यांचा दर उत्तर प्रदेशाच्या जवळपास दुप्पट'. त्याखाली लहान अक्षरांत उपशीर्षक : 'दर एक लाख अनुसूचित जाती लोकसंख्येमागे पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे, २०२२. सर्वाधिक गुन्हे नोंदलेली चार राज्ये'. शीर्षक निष्कर्ष सांगतं. उपशीर्षक काय मोजलं, कशामागे मोजलं, कुठलं आणि कधीचं ते सांगतं. ही राज्यं का निवडली, हेही त्यातच कळतं.

'अनुसूचित जाती लोकसंख्येमागे' हे शब्द गाळून नुसतं 'दर लाखामागे' लिहिलं, तर वाचक एकूण लोकसंख्या समजेल. राजस्थानच्या एकूण लोकसंख्येवर भागलं तर आकडा १३ च्या आतच राहतो. तसंच 'दलित' आणि 'अनुसूचित जाती' हे इथे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिम अनुसूचित जातीत धरले जात नाहीत, म्हणून त्यांच्यावरचे अत्याचार या आकड्यात नाहीत. चळवळीच्या भाषेत दलित म्हणू, तक्त्यावर मात्र तक्त्यातलाच शब्द लिहू.

आकडे प्रत्येक स्तंभावर लिहावेत आणि अक्ष शून्यापासून सुरू करावा. देशभरात २०२१ मध्ये असे ५०,९०० गुन्हे नोंदले गेले आणि २०२२ मध्ये ५७,५८२. वाढ १३ टक्के. पण अक्ष ४८,००० पासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिपटीहून उंच दिसतो. असं चित्र आपलं असलं तरी ते फसवंच. तेरा टक्के वाढ एका वर्षात, हे सांगायला तिप्पट उंचीची गरज नाही.

आता तळाची ओळ : 'स्रोत : एनसीआरबी, क्राइम इन इंडिया २०२२, तक्ता 7A.1. लोकसंख्या : जनगणना २०११'. नुसतं 'एनसीआरबी' म्हणजे 'ग्रंथालयात आहे' असं सांगण्यासारखं. अहवालाचं नाव, वर्ष आणि तक्ता दिला की संशय घेणारा स्वतः उघडून पाहू शकतो. जनगणनेचं वर्ष तर टाळूच नये. २०२२ चे गुन्हे २०११ च्या लोकसंख्येने भागले आहेत. मधल्या काळात लोकसंख्या वाढली आहे, म्हणून खरा दर यापेक्षा थोडा कमी असणार. हे विरोधकाने दाखवून देण्याआधी आपणच एका वाक्यात लिहावं. चित्र कुणी बनवलं आणि कधी, ते वेगळ्या ओळीत द्यावं. बनवणारा म्हणजे स्रोत नव्हे.

पाठवण्याआधी मी आता एक करतो. चित्र मोबाईलवर उघडून, एक शब्दही न बोलता, विषय माहीत नसलेल्या माणसाच्या हातात देतो आणि विचारतो : यात काय मोजलंय? कुणी मोजलं? कधीचं आहे? एका जरी प्रश्नाला तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला, तर चित्र परत दुरुस्तीला जातं.

नवं चित्र पुढच्या रविवारी त्या मुलीला दाखवलं. तिने वाचलं आणि विचारलं, "मग न नोंदलेले किती?" हा प्रश्न मला नाही, पोलिसांना विचारायचा आहे.

जय भीम.