कळंब आधी की कसबे तडवळे?

आपल्या जिल्ह्यातले आठ तालुके घ्या आणि कॉम्प्युटरला म्हणा, "लाव बाबा ओळीने." तो लगेच लावून देतो: उमरगा, कळंब, तुळजापूर, धाराशिव, परंडा, भूम, लोहारा, वाशी. एकदम बरोबर. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं आणि आपण 'उ' मधून 'ध' मध्ये गेलो, तेही त्याला समजलं. प्रोजेक्टवाला खूश, गाईड खूश, "मराठी सॉर्टिंग सपोर्टेड" असं रिपोर्टात छापून मोकळे.

माझं म्हणणं असं की ही टेस्टच फसवी आहे. आठही नावांची पहिली अक्षरं वेगवेगळी आहेत, त्यामुळे दुसऱ्या अक्षरापर्यंत जायची वेळच येत नाही. आता तालुके सोडा आणि चार गावं घ्या: कळंब, कसबे तडवळे, जळकोट, जवळा.

```
gave = ["जवळा", "कळंब", "जळकोट", "कसबे तडवळे"]
print(sorted(gave))
```

उत्तर येतं: कळंब, कसबे तडवळे, जळकोट, जवळा. बघताना काही खटकत नाही, पण अंकलिपी आठवा. य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ. 'ळ' हा 'ह' च्या नंतर येतो. म्हणजे 'कस' आधी आणि 'कळ' नंतर, 'जव' आधी आणि 'जळ' नंतर. बरोबर क्रम असा: कसबे तडवळे, कळंब, जवळा, जळकोट. दोन्ही जोड्या उलट्या लागल्या की राव!

असं का होतं? युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो आणि साधं `sorted` फक्त ते नंबर ताडून बघतं. 'ल' चा नंबर `U+0932`, 'ळ' चा `U+0933`, 'व' चा `U+0935` आणि 'ह' चा `U+0939`. म्हणजे 'ळ' ला 'ल' च्या शेजारची खोली मिळाली आहे. ही खोली युनिकोडवाल्यांनी मनाने दिली नाही. १९८८ च्या इस्की या भारतीय मानकातली मांडणी त्यांनी घेतली. इस्कीचा हेतू असा होता की सगळ्या भारतीय लिप्यांत समान अक्षर समान जागी असावं, म्हणजे एका लिपीतून दुसरीत जाणं सोपं. म्हणून आपला 'ळ', गुजरातीचा 'ળ' आणि उमरग्याच्या पलीकडे सुरू होणाऱ्या कन्नडचा 'ಳ' हे तिन्ही आपापल्या गटाच्या सुरुवातीपासून सारख्याच अंतरावर बसले आहेत. सोय मोठी झाली, पण ती शब्दकोशाची सोय नव्हती.

आणि हे फक्त मराठीचं रडगाणं नाही. इंग्रजीत 'Z' चा नंबर ९० आणि 'a' चा ९७, म्हणून नुसत्या नंबराने लावलं तर 'Zebra' हा 'apple' च्या आधी येतो. तिथे मात्र आपण लगेच म्हणतो की प्रोग्राम चुकला. मराठीत तेच झालं की म्हणतो, "कॉम्प्युटरला मराठी येत नाही." हे मला पटत नाही. नंबर म्हणजे होस्टेलच्या रूमचा नंबर, मेरिट लिस्टमधला नंबर नव्हे. रूम नंबरवरून कोणी रँक काढत असेल तर दोष रूमचा कसा?

'क्ष' आणि 'ज्ञ' चं तसंच. यांना स्वतःचा नंबरच नाही. 'ज्ञ' म्हणजे ज, हलन्त आणि ञ असे तीन नंबर. त्यामुळे ज्ञानेश्वर यादीत 'झ' च्या आधी जाऊन बसतो, आपण त्याला शोधतो शेवटी. 'दऱ्या' मधला 'ऱ' तर दोन प्रकारे टाइप होतो. कोणी `U+0931` वापरतो, कोणी साधा 'र', हलन्त आणि `U+200D` हा न दिसणारा जोडक. स्क्रीनवर शब्द सारखा, यादीत जागा दोन.

कोणी म्हणेल, एखादं नाव चार ओळी खालीवर झालं तर काय बिघडलं? बिघडतं. भिंतीवर लावलेल्या यादीत माणूस जळकोट शोधताना 'जवळा' च्या पुढे बघतो, तिथे नाही म्हटल्यावर "आपलं नाव नाही" म्हणून परत जातो. आणि मशीनही असंच फसतं. समजा यादी कोणी हाताने बरोबर मराठी क्रमात लावली आणि तुम्ही तिच्यावर बायनरी सर्च चालवला, पण तुलना मात्र नंबरांची. 'कसबे तडवळे' शोधा. चार नावांत मधलं म्हणून दुसरं नाव आधी तपासलं जातं, ते 'कळंब'. नंबराने 'कस' हे 'कळ' पेक्षा मोठं, म्हणून शोध उजवीकडे जातो. गाव तर डावीकडे पहिल्याच जागी आहे! उत्तर येतं: सापडलं नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही.

उपाय अवघड नाही. 'ह' नंतर आणि काना येण्याआधी `U+093A` पासून चार नंबर आहेत, जे रोजच्या मराठीत जवळजवळ लागत नाहीत. फक्त तुलनेपुरतं तिथे बसवायचं:

```
def kram(s):
    for a, b in [("\u200d", ""), ("ऱ", "र"),
                 ("ळ", "\u093a"), ("क्ष", "\u093b"),
                 ("ज्ञ", "\u093c")]:
        s = s.replace(a, b)
    return s

print(sorted(gave, key=lambda s: (kram(s), s)))
```

आता चारही गावं जागेवर येतात. काना-मात्रांना हात लावावा लागत नाही, कारण त्यांचे नंबर व्यंजनांच्या पुढे आहेत आणि हलन्त त्यांच्याही पुढे, म्हणून क, का, कि पासून क्र पर्यंतचा क्रम आपोआप जमतो. एक काळजी घ्या: ही किल्ली फक्त क्रमासाठी आहे. तिच्यावरून डुप्लिकेट उडवायला गेलात तर समुद्रवाला 'दर्या' आणि डोंगरातल्या 'दऱ्या' एकच समजले जातील. मोठ्या कामाला आयसीयू लायब्ररी वापरा, तिला `&ह < ळ < क्ष < ज्ञ` एवढा नियम दिला की पुरतो.

एक गोष्ट मात्र कोणतीच लायब्ररी आपल्यासाठी ठरवणार नाही, ती म्हणजे अनुस्वार. 'अंबाजोगाई' कुठे ठेवायची? अनुस्वार सगळ्यात आधी धरला तर 'अणदूर' च्या आधी. 'अम्बा' असा उच्चार धरला तर 'अणदूर' च्या नंतर. बाराखडीप्रमाणे अं हा औ च्या पुढे धरला तर सगळे स्वर संपल्यावर. शब्दकोशांतही एकच रीत नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: कोणतीही एक रीत धरा, पण ती यादीच्या डोक्यावर एका ओळीत छापा. आणि प्रोजेक्टच्या डेमोला तालुके दाखवणाऱ्याला गाईडनी एकच प्रश्न विचारावा, "कळंब आधी की कसबे तडवळे?"