नियामकाला आधीचे गुण दिसू नयेत


मंडळाच्या मराठी पेपरातील निबंधाच्या गुणांतील तफावतीला एका पत्रलेखकाने परीक्षकांचा आळस कारण मानला, ते पटत नाही. यवतमाळचे पेपर अमरावती विभागीय मंडळाच्या व्यवस्थेत तपासले जातात. बारकोडमुळे नाव झाकते, अक्षर मात्र झाकत नाही. व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याचा ८ गुणांचा निबंध सहाच्या खाली जायला हात धजत नाही. थॉर्नडाइकने १९२० मध्ये दाखवलेला प्रभावळ-दोष तो हाच. उपाय साधा आहे. आधी सगळ्या गठ्ठ्यातले फक्त निबंध तपासावेत, मग पेपरांचा क्रम बदलून पुढचा प्रश्न घ्यावा. थकव्यामुळे शेवटच्या पेपरांत सरसकट चार-पाच पडू लागतात, म्हणून नियामकाने नमुने तिथूनही उचलावेत. तेही लाल शाईतले गुण झाकून; नाहीतर फेरतपासणी म्हणजे निव्वळ सही!

– एक मराठी शिक्षक, पुसद