क्रिएटिनचा डबा आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट

बकरी ईदच्या चार-पाच दिवसांनंतरची गोष्ट. एक बाई आपल्या वीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा शंभर आणि दोनशे मीटर धावतो, विद्यापीठाच्या संघात आहे. अम्मींच्या एका हातात लॅबचा रिपोर्ट होता आणि दुसऱ्या हातात पिशवीत गुंडाळलेला पांढऱ्या पावडरचा डबा. बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, या पावडरनं पोराची किडनी गेली हो."

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.४ होतं आणि त्यावरून काढलेला किडनीच्या गाळणीचा अंदाज, म्हणजे ईजीएफआर, ७४. लॅबने त्या आकड्यापुढे ठळक खूण केली होती. सहा महिन्यांपूर्वी खेळाडूंच्या तपासणीत याच मुलाचं क्रिएटिनिन १.१ आणि ईजीएफआर ९८ होता. मधल्या काळात घरात नवीन आली होती ती एकच गोष्ट, क्रिएटिनचा डबा. अम्मींनी दोन्हींची सांगड घातली, आणि नावंही इतकी सारखी की कुणीही घातली असती.

आधी ही दोन नावं वेगळी करू. क्रिएटिन हा आपल्या शरीरातच तयार होणारा पदार्थ आहे. तीन अमिनो आम्लांपासून तो बनतो, मुख्यतः किडनी आणि यकृतात. सत्तर किलोच्या माणसात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं स्नायूंत साठलेलं असतं. त्यातलं दोनेक ग्रॅम रोज आपोआप मोडतं. त्या मोडीतून जे निघतं ते क्रिएटिनिन. ते रक्तात येतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी बिघडली की ते रक्तात साचतं, म्हणून डॉक्टर ते मोजतात. पण पाणी दोन कारणांनी तुंबतं, मोरी चोंदली तर आणि नळ जास्त सोडला तरी. लॅबचा आकडा फक्त तुंबलेलं पाणी दाखवतो, त्याचं कारण सांगत नाही.

या मुलाच्या बाबतीत नळ तीन ठिकाणी सुटला होता. तो रोज पाच ग्रॅम क्रिएटिन घेत होता. सहा महिन्यांत त्याचे स्नायू वाढले होते. तिसरी गोष्ट मी विचारली तेव्हा अम्मी जरा गोंधळल्या. "रक्त दिलं त्याच्या आदल्या रात्री काय जेवला होता?" ईदचे दिवस, कुर्बानीचं मटण, दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा. शिजवताना मटणातल्या क्रिएटिनचा काही भाग क्रिएटिनिन बनतो आणि तो जेवणानंतर सरळ रक्तात उतरतो. भरपूर मटण खाल्ल्यावर काही तास हा आकडा निरोगी माणसातही वर जातो. त्यात मुलगा सकाळी मैदानावर घाम गाळून, पाणी न पिता तसाच लॅबमध्ये गेला होता.

मी त्याला तीन गोष्टी करायला सांगितल्या. महिनाभर पावडर बंद. तपासणीच्या आदल्या दिवशी मटण नाही आणि जोराचा व्यायामही नाही. आणि या वेळी क्रिएटिनिनसोबत आणखी दोन तपासण्या, रक्तातलं सिस्टॅटिन सी आणि लघवीतलं अल्ब्युमिन. सिस्टॅटिन सी हेही किडनीच गाळते, पण क्रिएटिन किंवा मटण खाल्ल्याने ते वाढत नाही. अल्ब्युमिन लघवीत दिसलं तर गाळणीलाच इजा आहे असं समजतं. महिन्याने क्रिएटिनिन १.१ आलं, सिस्टॅटिन सी ०.८ आणि लघवीत अल्ब्युमिन नाही. किडनी शाबूत होती. सिस्टॅटिन सी वाढलेलं असतं किंवा लघवीत अल्ब्युमिन सापडलं असतं, तर मी त्याला पावडर कायमची सोडायला लावून किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

मग किडनीची ही भीती आली कुठून? १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पंचवीस वर्षांच्या एका तरुणाची हकिकत छापून आली. क्रिएटिन सुरू केल्यावर त्याच्या किडनीचं काम घटलेलं दिसलं आणि बंद केल्यावर सुधारलं. पण त्याला आठ वर्षांपासून किडनीचा आजार होता, हा भाग पुढे सांगताना गळून जातो. पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या संशोधकांनी दीर्घकाळ क्रिएटिन घेणारे निरोगी खेळाडू तपासले, त्यांच्या किडनीत बिघाड आढळला नाही. मला सगळ्यात बोलकी वाटते ती ब्राझीलमधली एक नोंद. एकच किडनी असलेल्या वीस वर्षांच्या तरुणाला त्यांनी पाच दिवस रोज वीस ग्रॅम आणि मग महिनाभर रोज पाच ग्रॅम क्रिएटिन दिलं. त्याचं क्रिएटिनिन वाढलं. पण किडनी खरोखर किती गाळते हे वेगळ्या पद्धतीने थेट मोजलं, तेव्हा ते जिथल्या तिथे होतं. अर्थात ही एका माणसाची गोष्ट आहे. एक किडनी असलेल्यांनी बिनधास्त घ्यावं असा अर्थ कुणी काढू नये.

आता फायद्याकडे येऊ, कारण मुलाचा प्रश्न तोच होता. "सर, मग घेऊ की नको? वेग वाढतो का?"

वेगाचं उत्तर सरळ नाही. आपण जिवाच्या आकांताने धावतो तेव्हा स्नायूंतलं तयार इंधन दोनेक सेकंदांत संपत येतं. ते लगेच पुन्हा भरून देण्याचं काम स्नायूंत साठलेलं फॉस्फोक्रिएटिन करतं, पण तेही काही सेकंदच. १९९२ साली स्वीडनमध्ये हॅरिस, सोडरलुंड आणि हल्टमन यांनी दाखवून दिलं की, तोंडाने क्रिएटिन घेतल्यावर स्नायूंतला हा साठा वाढतो. त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिम्पिकनंतर ब्रिटिश धावपटू ते वापरतात अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या, आणि तेव्हापासून धावण्याचं आणि क्रिएटिनचं नातं लोकांच्या डोक्यात बसलं.

पण पुरावा भक्कम आहे तो वजन उचलण्याबाबत. २००३ साली बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. सारखाच व्यायाम करून नुसती खोटी पावडर घेणाऱ्यांची ताकद सरासरी बारा टक्के वाढली होती, तर क्रिएटिन घेणाऱ्यांची वीस टक्के. म्हणजे बारा टक्के मेहनतीचे आणि वरचे आठ पावडरचे. व्यायाम न करता डबा रिकामा केला, तर हाती विशेष काही लागत नाही.

धावण्यात मात्र एकाच शर्यतीचा वेळ त्याने कमी होतो असं ठामपणे दिसलेलं नाही. कारण उघड आहे. क्रिएटिन स्नायूंत पाणी ओढतं, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत वजन किलो-दीड किलोने वाढतं आणि धावणाऱ्याला ते अंगावर घेऊन पळावं लागतं. फायदा होतो तो सरावात, एकामागून एक, थोड्या विश्रांतीने मारलेल्या धावांत. म्हणून मी मुलाला स्वतःवरच पारखून बघायला सांगितलं. पुन्हा सुरू करण्याआधी दोन वेळा, आणि सुरू केल्यावर महिन्याने दोन वेळा, चाळीस मीटरच्या सहा धावा, मध्ये तीस-तीस सेकंद विश्रांती, वेळ घेणारा माणूस तोच. पहिल्या धावेचा वेळ बघायचा नाही, सहावी धाव पहिलीच्या मानाने किती मंदावली ते बघायचं. त्याची सहावी धाव आधी अर्ध्या सेकंदाने मागे पडत होती, नंतर पाव सेकंदाने. त्याला ते पुरेसं वाटलं. काहींच्या वहीत काहीच फरक दिसत नाही. ज्यांच्या स्नायूंत साठा आधीच भरलेला असतो त्यांना वरून टाकून उपयोग नसतो, तर मांस-मासे न खाणाऱ्यांचा साठा कमी असल्याने त्यांना फरक अधिक दिसतो.

कुस्तीगिराची गोष्ट आणखी वेगळी. तो वजनगटात खेळतो. दीड किलो पाणी वाढलं आणि मग वजनाच्या दिवशी ते उतरवायला प्लास्टिकचा सूट घालून घाम काढत बसला, तर धोका जिवाला आहे. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत महिन्याभराच्या आसपास तीन कॉलेज कुस्तीगीर असेच गेले. तेव्हा बोट क्रिएटिनकडे दाखवलं गेलं, पण चौकशीत निघालं ते वजन उतरवण्यासाठी शरीर तापवणं आणि सुकवणं.

किती घ्यायचं? रोज तीन ते पाच ग्रॅम, बस. डब्यावर पहिले पाच-सात दिवस रोज वीस ग्रॅम असं लिहिलेलं असतं. त्याने साठा आठवड्यात भरतो इतकंच. रोज तीन ग्रॅम घेऊन तो चार आठवड्यांत तितकाच भरतो, हे स्वीडनमध्येच १९९६ साली दिसलं आहे. वीस ग्रॅम घेणाऱ्यांची पोटं बिघडतात, ते तक्रार घेऊन आमच्याकडे येतात. इतकं मटणातूनच मिळवू म्हणाल, तर पाच ग्रॅमसाठी किलोभर कच्चं मांस लागेल.

रमजानबद्दल दर वर्षी विचारलं जातं. क्रिएटिनला घड्याळ नसतं. महत्त्व साठ्याला आहे, वेळेला नाही. इफ्तारनंतरच्या जेवणासोबत किंवा सहेरीला घेतलं तरी काम तेच होतं आणि चार दिवस चुकलं तरी साठा उतरायला काही आठवडे लागतात. वीस ग्रॅमचा प्रकार मात्र रोज्यांच्या दिवसांत करू नये. आणि हलाल-हरामचा प्रश्न अम्मींनी विचारलाच. बाजारातलं क्रिएटिन मोनोहायड्रेट जनावरापासून काढत नाहीत. ते कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइड या रसायनांपासून बनतं. सांभाळायचं ते कॅप्सूलला, कारण तिचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं आणि ते कोणत्या जनावराचं हे पाकिटावर क्वचितच लिहिलेलं असतं. साधी, बिनस्वादाची पावडर घेतली की तो प्रश्नच उरत नाही.

क्रिएटिनवर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे वाडाची, बंदी नाही. पण डब्यात क्रिएटिनशिवाय दुसरं काही मिसळलेलं असेल, तर चाचणीत सापडतो खेळाडू, दुकानदार नाही. म्हणून 'मसल', 'पंप' अशा नावांची पंधरा घटकांची मिश्रणं मी परत करायला लावतो. घटकांच्या जागी एकच नाव हवं, आणि स्पर्धक खेळाडूने प्रत्येक बॅच तपासल्याची 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारखी खूण असलेलाच डबा घ्यावा.

ज्यांना किडनीचा आजार आहे, मधुमेह किंवा रक्तदाबामुळे लघवीत प्रथिनं जातात, जे सांधेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या डब्याला हात लावू नये. अठरा वर्षांखालच्या मुलांवर दीर्घकाळाचे प्रयोग फार थोडे आहेत, म्हणून शाळकरी मुलांना मी देत नाही, त्यांचे कोच नाराज झाले तरी.

त्या मुलाने पावडर पुन्हा सुरू केली आहे, रोज तीन ग्रॅम. अम्मींनी डबा स्वतःच्या कपाटात ठेवलाय, चमचा त्याच मोजून देतात. लॅबमध्ये जाताना "हा क्रिएटिन घेतो" असं फॉर्मवर लिहायचंही त्यांनीच ठरवलंय.