घड्याळातली सरासरी फसवते

सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी यवतेश्वर घाटात दम लागेपर्यंत धावावं, की सांगलीच्या सपाट रस्त्यावर बोलता येईल इतक्या वेगानं? आठवड्याचा वेळ दोन्हीकडे सारखाच धरू : चाळीस मिनिटं, तीनदा.

घाटातल्या दिवशी दहा मिनिटं अंग गरम करायचं, मग चार मिनिटं जोरात चढण, अशा चार फेऱ्या, दर दोन फेऱ्यांच्या मधे तीन मिनिटं हळू आणि शेवटी पाच मिनिटं चालणं. म्हणजे जोराची मिनिटं सोळाच. त्यामुळे अख्ख्या सत्राची सरासरी नाडी सपाटीवरच्या धावेच्या जवळपास येऊ शकते, आणि लोक म्हणतात, दोन्ही सारखंच. शिवाय जोर लावल्यावर नाडी लगेच चढत नाही. पहिलं मिनिट-दीड मिनिट ती मागेच असते.

म्हणून माझ्या मते तुलना सरावाच्या नाडीवरून करूच नये. दर दोन आठवड्यांनी, एकाच सपाट रस्त्यावर, पहाटे, ठरलेल्या वेगानं दहा मिनिटं धावा. शेवटची नाडी लिहा. थांबून एका मिनिटानं पुन्हा मोजा. समजा, सुरुवातीला १५० वरून १२५ झाली आणि सहा आठवड्यांनी १४२ वरून ११० झाली, तर सराव लागू पडला. उन्हाळ्यात मात्र नाडी उष्णतेनंच वाढते. मार्चची तुलना जानेवारीशी नको.

दम वाढवायला घाट सरस. पण सकाळची विश्रांतीची नाडी चढत गेली, तर घाट आठवड्यातून एकदाच ठेवा.