विशेषणांनी कातळ वाचत नाही

कोकणच्या सड्यांवरची कातळशिल्पे 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले आठ सडे आणि गोव्यात कुशावतीच्या काठचे फणसायमळ, अशी ही नऊ ठिकाणे. आमचा सवाल सरळ आहे. अंतिम प्रस्तावाचा प्राण असलेले ‘वैश्विक असाधारण मूल्याचे निवेदन’ लिहायची आपली तयारी आहे काय? ‘अद्भुत’, ‘अलौकिक’, ‘जगात तोड नाही’ अशा शब्दांची आरास मांडली की निवेदन झाले, असा समज असेल तर तो आजच मोडला पाहिजे. हा एक-दोन पानी मजकूर म्हणजे पुरावा आहे, आणि युनेस्कोसाठी त्याची छाननी करणाऱ्या इकोमॉसचे तज्ज्ञ त्यातले एकेक विधान उलटतपासणीला घेतात.

या मजकुराचे भाग ठरलेले आहेत: संक्षिप्त परिचय, निकषांचे समर्थन, अखंडता, अस्सलपणा आणि शेवटी संरक्षण व व्यवस्थापन. वाचले जातात याच क्रमाने, पण लिहायला बसताना परिचयापासून सुरुवात करणारा हमखास फसतो. आधी तुलना करा. पेरूतल्या नाझ्काच्या रेषा 1994 पासून जागतिक वारसा यादीत आहेत; त्या कोरड्या वाळवंटात वरचे दगड बाजूला सारून काढलेल्या. स्वीडनच्या तानुमची चित्रे ग्रॅनाइटवर कोरलेली, कांस्ययुगातली. मग कोकणचे वेगळेपण कशात? वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आडव्या जांभ्यावर ही चित्रे खोदली आहेत आणि त्यांत जमिनीवरचे व समुद्रातले प्राणी एकत्र आहेत. यांपैकी कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, आणि त्याच्या देहाच्या आत व भोवती लहानमोठ्या अनेक प्राण्यांची गर्दी आहे. हे तुलनेतून सिद्ध झाले, तरच परिचयाचे पहिले वाक्य लिहिता येते.

ते वाक्य कसे असावे? ‘कोकणातील कातळशिल्पे ही मानवी प्रतिभेचा अजोड आविष्कार आहेत’ हे वाक्य खोडून टाका, कारण ते कोणत्याही देवळाला चिकटवता येईल. त्याऐवजी ‘जांभ्याच्या उघड्या सड्यांवर खोदलेली ही चित्रे, आज तिथे न दिसणाऱ्या प्राण्यांसह किनाऱ्याच्या सृष्टीत जगणाऱ्या लुप्त समाजाची साक्ष देतात’ असे लिहा. यातला प्रत्येक शब्द सड्यावर बोट ठेवून दाखवता येतो. आमच्या मते तिसऱ्या निकषाचे, म्हणजे लुप्त संस्कृतीच्या असाधारण साक्षीचे, बीज याच वाक्यात आहे. जमतील तेवढे निकष मागण्याचा हावरेपणा नको. लंगडा निकष सबंध प्रस्तावाला खाली ओढतो.

सर्वांत नाजूक प्रश्न काळाचा. या खोदकामाचे थेट कालमापन झालेले नाही. शैली, चित्रातले प्राणी आणि आसपास मिळालेली दगडी हत्यारे यांवरून अंदाज बांधले जातात. ‘वीस हजार वर्षांपूर्वीची’ असे छातीठोक लिहिले, की परीक्षकाचा पहिला प्रश्न तिथेच येणार आणि उत्तर नसणार. अंदाज हा अंदाज म्हणूनच लिहा आणि कशावरून बांधला ते सांगा.

अस्सलपणाच्या परिच्छेदातही तोच प्रामाणिकपणा हवा. फोटोत उठून दिसावे म्हणून चरांत चुना किंवा रंग भरणाऱ्यांना रोखा. भरला गेला असेल, तर त्याची नोंद लपवू नका. अखंडतेत केवळ चित्राचा चौकोन मोजून चालत नाही. भोवतीचा सडा, त्यावरून वाहणारे पावसाचे पाणी, सड्यावर पोहोचण्याची वाट, हे सारे सीमेच्या आत किंवा निदान सभोवतीच्या संरक्षक पट्ट्यात आले पाहिजे.

आणि इथेच महाराष्ट्राची अब्रू पणाला लागते! चिरेखाणीचे यंत्र हाच जांभा कापते. सड्यांची बरीच जमीन खासगी मालकीची आहे. दोन वाघांमध्ये उभ्या माणसाचे चित्र असलेल्या बारसूच्या सड्यावर 2023 साली तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि गावकरी रस्त्यावर उतरले. अशा वेळी संरक्षणाच्या परिच्छेदात ‘शासन कटिबद्ध आहे’ हे वाक्य लिहिणे म्हणजे परीक्षकाच्या डोळ्यांत धूळ फेकणे. तिथे कायद्याचे नाव, अधिसूचनेचा क्रमांक, गट क्रमांकांसह सीमेचा नकाशा, जमीनमालकांशी झालेला करार आणि दोन राज्यांची संयुक्त व्यवस्था लिहावी लागते. यातल्या ज्या गोष्टी अस्तित्वातच नसतील, त्या कोणता लेखणीबहाद्दर लिहिणार?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. निवेदनाचा शेवटचा परिच्छेद आधी प्रत्यक्षात आणा. नऊही ठिकाणांच्या सीमा आखून अधिसूचित करा, त्या सीमेतले चिऱ्याचे परवाने रद्द करा, आणि मगच कागदावर पहिले वाक्य लिहायला बसा.