फोन रिमोट होतो, तेव्हा



उस्मानपुऱ्यातील आमच्या घरी गेल्या चातुर्मासात एक छोटीशी अडचण उभी राहिली. दिवाणखान्यातील टीव्हीचा रिमोट हातातून निसटून फुटला होता. तशी त्याची उणीव भासत नव्हती, कारण मुलाने आपल्या फोनवर ‘गुगल टीव्ही’ हे ॲप घेऊन त्याचाच रिमोट केला होता. आमचा टीव्ही अँड्रॉइड प्रणालीचा आहे. अशा टीव्हीसाठी ॲपमधील रिमोटच्या चिन्हावर बोट ठेवले, की जवळच्या टीव्हीचे नाव दिसते. ते निवडताच टीव्हीच्या पडद्यावर सहा अंक-अक्षरांचा संकेत उमटतो आणि तो फोनवर लिहिला की जोडणी पूर्ण होते. मग फोनच्या पडद्यावर बोट सरकवून टीव्हीवरील चौकट हलवता येते. टीव्हीवर काही लिहावयाचे असेल तर फोनचाच कीबोर्ड उघडतो. काही ॲप मात्र टीव्हीवर स्वतःचा अक्षरतक्ता वापरतात, तेथे हा कीबोर्ड चालेलच असे नाही.

महिनाभर सर्व सुरळीत चालले. मग एके दिवशी घरातील इंटरनेटची जोडणी बदलली. नवा राउटर आला, वाय-फायचे नाव आणि पासवर्ड दोन्ही नवे झाले, जुना राउटर कंपनीचा माणूस घेऊन गेला. सायंकाळी आई प्रवचन ऐकण्यासाठी बसली, तेव्हा फोनला टीव्ही सापडेचना.

कारण साधे होते. मूळ रिमोट टीव्हीशी थेट बोलतो. फोनमधील हा रिमोट मात्र वाय-फायमधून बोलतो. त्यासाठी फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असावे लागतात. आमचा फोन नव्या वाय-फायवर गेला होता आणि टीव्ही जुन्याची वाट पाहत बसला होता. टीव्हीला नवा पासवर्ड द्यावा तर रिमोट हवा, आणि रिमोट चालावा तर टीव्ही वाय-फायवर हवा, असा हा तिढा होता.

त्यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला अगदी सरळ आहे. संगणकाचा तारेचा माऊस टीव्हीच्या मागील यूएसबी खाचेत लावावा. अँड्रॉइड टीव्हीवर बाण उमटतो आणि त्याने सेटिंगमध्ये जाऊन नवे वाय-फाय निवडता येते. आमचा माऊस दुकानात होता आणि दुकान बंद झाले होते, म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला.

जुन्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड वडिलांनी आपल्या शिरस्त्याप्रमाणे वहीत टिपून ठेवले होते. मुलाने माझ्या फोनवर हॉटस्पॉट सुरू केला आणि त्याला अक्षरशः तेच नाव, तोच पासवर्ड दिला. येथे इंग्रजी लहान-मोठ्या लिपीचा किंवा मधल्या मोकळ्या जागेचा फरकही चालत नाही. टीव्ही जुना असल्यास हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्‌झवर ठेवावा, कारण अनेक जुने टीव्ही ५ गिगाहर्ट्‌झचे जाळे पाहू शकत नाहीत. टीव्ही त्याच्या अंगावरील बटणाने सुरू केला. त्याला ओळखीचे नाव दिसले आणि तो आपोआप जोडला गेला. मुलाने आपला फोनही त्याच हॉटस्पॉटवर आणला आणि रिमोट पुन्हा जिवंत झाला. त्या रिमोटने टीव्हीच्या सेटिंगमध्ये नवे वाय-फाय निवडून पासवर्ड दिला. त्या क्षणी रिमोट पुन्हा तुटला. त्याने गोंधळून जाऊ नये, टीव्ही नव्या घरी गेल्याचीच ती खूण आहे. फोनही नव्या वाय-फायवर नेताच जोडणी परत आली.

हा सारा खटाटोप टाळताही आला असता. नवा राउटर बसवणाऱ्या माणसाला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवण्यास सांगितले असते, तर घरातील कोणत्याही यंत्राला बदल जाणवलाच नसता.

आता दुकानाकडे वळू. घरच्या अनुभवानंतर मुलाला दुकानातही ही सोय हवीशी वाटली. गादीवर बसल्या बसल्या संगणकावरील नमुने मोठ्या पडद्यावर ग्राहकांना दाखवता यावेत, हा हेतू चांगलाच होता. त्याने फोनवर एक विनामूल्य ॲप घेतले आणि त्याचा जोडीदार प्रोग्राम संगणकावर बसवला. फोनचा पडदा टचपॅड झाला, कीबोर्डही चालू लागला.

टीव्हीने सहा अक्षरांचा संकेत विचारला होता, या ॲपने मात्र काहीच विचारले नाही, हे माझ्या मनात खटकले. म्हणून एक परीक्षा घेतली. दुकानातील मदतनिसाच्या फोनवर तेच ॲप घेतले आणि तो फोन दुकानाच्या वाय-फायवर जोडला. संगणकाने काहीही न विचारता त्याचीही आज्ञा मानली. पडद्यावरील बाण त्याच्या बोटाने फिरू लागला. ज्या संगणकावर आमचे हिशेब, जीएसटीची विवरणे आणि बँकेचे व्यवहार चालतात, त्याचा कीबोर्ड वाय-फायचा पासवर्ड ठाऊक असलेल्या कोणाच्याही हाती जाऊ शकत होता. आणि तो पासवर्ड आपण ग्राहकांना, पाहुण्यांना किती सहज सांगतो! त्याच दिवशी संगणकावरील तो प्रोग्राम काढून टाकला.

ही केवळ आमचीच गोष्ट नव्हे. २०२२ च्या अखेरीस सिनॉप्सिस या कंपनीच्या सुरक्षा संशोधकांनी फोनला कीबोर्ड-माऊस बनवणाऱ्या ‘लेझी माऊस’, ‘टेलिपॅड’ आणि ‘पीसी कीबोर्ड’ या तीन अँड्रॉइड ॲपमधील दोष जाहीर केले. ती मिळून वीस लाखांहून अधिक वेळा उतरवली गेली होती. दोष दोन प्रकारचे होते. ओळखीची तपासणी नव्हती किंवा अगदी तोकडी होती, त्यामुळे परका मनुष्य संगणकाला आज्ञा देऊ शकत होता. शिवाय टाईप केलेली अक्षरे उघडीच पाठवली जात असल्याने त्याच जाळ्यातील जाणकार ती वाचू शकत होता. त्यात पासवर्डही आले.

मग सोय सोडावी काय? तसे नाही. आम्ही पुढे ‘केडीई कनेक्ट’ हे विनामूल्य साधन घेतले. त्यात जोडणीची विनंती समोरच्या यंत्रावर स्वीकारावी लागते, दोन्ही पडद्यांवर एकच खूणसंकेत दिसतो की नाही हे पडताळता येते आणि पुढील सर्व देवाणघेवाण कुलूपबंद स्वरूपात होते. दुसरा पर्याय ब्लूटूथचा आहे. २०१८ मधील अँड्रॉइड ९ पासून फोनला स्वतःच ब्लूटूथ कीबोर्ड होण्याची सोय प्रणालीत आहे, मात्र काही कंपन्यांच्या फोनमध्ये ती बंद असते. यासाठी फोनवर तसे ॲप लागते, पण संगणकावर काहीच बसवावे लागत नाही. पल्ला साधारण दहा मीटरचा, म्हणजे गादीपासून पडद्यापर्यंत पुरेसा.

तरीही आम्ही एक नियम केला आहे. नमुने दाखवावयाचे तर फोन. बँकेचा पासवर्ड मात्र संगणकाच्या तारेच्या कीबोर्डवरच.

आपल्या दुकानात असे ॲप असल्यास दुसऱ्या फोनची ती परीक्षा आजच घ्या. पाच मिनिटे लागतात. संगणकाने नव्या फोनला ‘तू कोण?’ असे विचारले, तर ठीक. नाही विचारले, तर ते ॲप दुकानात ठेवण्याजोगे नाही. अनोळखी माणसाच्या हाती आपण तिजोरीची किल्ली देत नाही. हा कीबोर्डही तिजोरीचाच आहे.