फुलदाणी, फुकट शिपिंग आणि २२ टक्क्यांची थाप

युरोप टूरवरून आलेल्या प्रत्येकाकडे एक वाक्य ठरलेलं असतं. "अरे, तीनशे युरोची होती, पण घासाघीस केली, वर टॅक्स रिफंड, आणि शिपिंग तर फुकट! म्हणजे जवळजवळ निम्म्यातच पडली." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोक्यात जातं. कारण या एका वाक्यात जे तीन फायदे आहेत ते तिन्ही एका वेळी मिळूच शकत नाहीत. एक घेतला की दुसरा सुटतो. आणि हे दुकानदाराला पक्कं माहीत असतं.

उदाहरण म्हणून मुरानो घेऊ, कारण तिथे हा खेळ सगळ्यात रंगतो. व्हेनिसच्या बाजूचं हे बेट. आगीच्या भीतीने १२९१ साली व्हेनिसच्या सरकारने शहरातल्या काचेच्या भट्ट्या इथे हलवल्या, तेव्हापासून ते काचेचं गाव झालं. आपल्याकडच्या बऱ्याच टूरमध्ये इथे एक 'ग्लास डेमो' असतो. कारागीर दोन मिनिटांत वितळलेल्या काचेचा घोडा करून दाखवतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि बाहेर पडायचा रस्ता नेमका शोरूममधून जातो. त्या कारागिराबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच्या हातात विद्या आहे, आणि चांगल्या कामाला दाम मोजायलाच हवा. माझं भांडण शोरूममधल्या हिशोबाशी आहे.

तर समजा एक फुलदाणी आहे. तीस सेंटीमीटर उंच, पंधरा सेंटीमीटर रुंद, वजन साधारण तीन किलो. चिठ्ठीवर ४८० युरो. तुम्ही तोंड वाकडं करता, तो मॅनेजरला विचारून येतो, आणि "खास तुमच्यासाठी" ३०० वर येतो. लक्ष्मी रोडवर घासाघीस करत वाढलेल्या माणसाला वाटतं, जिंकलो! पण ४८० हा आकडा मुळात तुम्ही पाडावा म्हणूनच लावलेला असू शकतो. लक्ष्मी रोडवर आपण जिंकतो कारण शेजारच्या चार दुकानांतला भाव आपल्याला माहीत असतो. इथे बस बाहेर उभी आहे, वीस मिनिटं हातात आहेत, दुसरं दुकान बघितलेलं नाही. शिवाय गिऱ्हाईक आणणाऱ्याला कमिशन ही तर जगभरची रीत, ते कमिशन त्या ३०० मध्येच बसलेलं असतं. तुलना करायला दुसरा भाव नसेल तर ती घासाघीस नाही, नाटक आहे. तुमच्या हातात एकच खरं हत्यार आहे : उठून चालायला लागणं, आणि बेटावरच्या दुसऱ्या दोन दुकानांत तशीच वस्तू विचारणं. विचारताना 'व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो' हा शिक्का आहे का तेही बघा. हा व्हेनेतो प्रांताचा अधिकृत ट्रेडमार्क आहे. शिक्का नसला म्हणजे माल खोटाच असं नाही, पण असला तर बनवणारा कोण ते कळतं.

आता टॅक्स रिफंड. इटलीत व्हॅट २२ टक्के, म्हणून लोक सरळ ३०० च्या २२ टक्के काढतात आणि ६६ युरो मनातल्या मनात खिशात घालतात. अहो, व्हॅट किमतीच्या आतच आहे! ३०० मध्ये तो २२/१२२, म्हणजे ५४ युरो. तोही पूर्ण मिळत नाही, कारण मधली रिफंड कंपनी आपला वाटा कापते, आणि विमानतळावर रोख मागितले तर आणखी थोडे जातात. एवढ्या रकमेच्या खरेदीवर हातात येतात ते साधारण १२ टक्के, म्हणजे ३६ युरोच्या आसपास. फॉर्मवर रिफंडचा नेमका आकडा असतो. सही करण्याआधी तो वाचा, दुकानातल्या पाटीवरचा मोठा आकडा वाचू नका.

एका दुकानात एका वेळची खरेदी ७० युरोच्या वर गेली तरच हा फॉर्म मिळतो. २०२४ च्या आधी ही मर्यादा १५५ च्या जवळ होती, त्यामुळे आता छोट्या खरेदीलाही आशा लागते. पण भाव ७८ वरून ६९ वर येत असेल तर रिफंड जाईल म्हणून ७८ देत बसू नका. हातातली सूट खरी, रिफंड हे नुसतं आश्वासन.

आश्वासन का, तेही सांगतो. वस्तू युरोपियन युनियनच्या बाहेर जाते आहे हे कस्टम्सने नोंदवल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, आणि ही नोंद युनियनमधून बाहेर पडताना करावी लागते. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही! तुमची टूर इटलीतून बसने स्वित्झर्लंडला जाऊन झुरिकहून विमान पकडणार असेल, तर नोंद व्हायला हवी इटलीच्या सीमेवर. ४५ जणांची बस तुमच्या एका फॉर्मसाठी सीमेवर थांबेल का? झुरिकच्या विमानतळावर इटलीच्या फॉर्मला कोणी विचारत नाही. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही, कारण तिथे फक्त "यू गेट टॅक्स बॅक" एवढंच सांगायचं असतं. तेव्हा खरेदीच्या आधी आपलं शेवटचं विमान कुठून आहे ते बघा. व्हेनिस किंवा रोमहून दुबईमार्गे परतत असाल तर काम सोपं. तरीही कस्टम्सला वस्तू बघायची असू शकते, म्हणून बॅग चेक-इन करण्याआधी त्यांच्या खिडकीवर जायचं. म्हणजे तासभर लवकर पोचा, आणि रात्री जागून केलेलं पॅकिंग कदाचित उघडून दाखवा.

मग लोक म्हणतात, कशाला ती कटकट, तो घरपोच पाठवतोय ना फुकट! इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. दुकानदार स्वतः माल युनियनबाहेर पाठवतो तेव्हा ती निर्यात होते, आणि निर्यातीवर इटलीचा व्हॅट लागत नाही. म्हणजे पाठवायच्या फुलदाणीची किंमत ३०० नव्हे, २४६ हवी. तुमच्याकडून ३०० घेऊन तो 'फुकट' पाठवत असेल, तर भाड्यातले ५४ युरो तुम्हीच दिलेत. आणि अर्थात, तुम्ही वस्तू बरोबर नेली नाही म्हटल्यावर रिफंडही नाही. हे ओळखायची युक्ती अगदी सोपी आहे. दोन भाव विचारा : "मी घेऊन गेलो तर किती, आणि तू पाठवलीस तर किती?" दोन्ही आकडे एकच आले की समजायचं, शिपिंग फुकट नाही.

भाडं एवढं का, हेही समजून घ्या. कुरिअर कंपनी नुसतं वजन बघत नाही, आकार बघते. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. काच नीट पाठवायची तर खोक्यात खोकं आणि मध्ये चारी बाजूंनी पाच-सहा सेंटीमीटर भराव लागतो. आपल्या फुलदाणीचं बाहेरचं खोकं होतं ५० × ३५ × ३५.

```
५० × ३५ × ३५ ÷ ५००० = १२.२५ किलो
```

तीन किलोच्या काचेचं बिल सव्वाबारा किलोचं. बाकी सगळी हवा, पण हवेचंही भाडं असतं राव!

आणि पार्सल भारतात पोचलं की गोष्ट संपत नाही. सामानातून स्वतः आणलेल्या वस्तूंना जी ड्युटी-फ्री सवलत असते, ती मागून कुरिअरने येणाऱ्या पार्सलला नाही. वस्तूची किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर ड्युटी, त्यावर जीएसटी, आणि कुरिअरवाल्याचे हाताळणीचे पैसे वेगळे. दर बदलत असतात, निघण्याआधी बघून ठेवा. काही दुकानदार हसत सांगतात, "नो प्रॉब्लेम, गिफ्ट म्हणून ३० युरो लिहितो." नको! भेटवस्तूच्या पार्सलला असलेली ५००० रुपयांची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. शिवाय कागदावर ३० लिहिलेली वस्तू फुटली तर भरपाई ३० चीच मागता येते, आणि खोटी किंमत लिहिल्याबद्दल कस्टम्सला उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं, व्हेनिसच्या शेटला नाही.

मग काय, काही घ्यायचंच नाही? तसं अजिबात नाही. बरोबर नेता येईल तेच घ्या, एवढंच म्हणणं आहे. तीच फुलदाणी तुमच्या मोठ्या बॅगेत नेली तर दुसरं खोकं लागत नाही, कपडेच भराव होतात. आत मोजे कोंबा, बाहेर स्वेटर गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा, कडेला नाही. तरी पंचवीसेक लिटर जागा आणि तीन किलो जातातच, म्हणजे जाताना बॅगेत तेवढी जागा मोकळी हवी. आणि फुटली तर एअरलाइन हात वर करणार, हे गृहीत धरा. केबिन बॅगेत न्यायची तर गुंडाळून वीस सेंटीमीटरच्या आत बसली पाहिजे, म्हणजे वस्तू स्वतः बारा-तेरा सेंटीमीटरचीच हवी. मुरानोत पाणी प्यायचे रंगीबेरंगी ग्लास मिळतात, हाताने केलेले, एकासारखा दुसरा नसतो. पन्नासचा एक धरा, दोन घेतले तर शंभर युरो. एकाच दुकानातून घेतले तर रिफंडचा फॉर्मही मिळतो. मिळाला रिफंड तर कॉफी झाली, नाही मिळाला तर बजेट कोसळत नाही.

"आयुष्यात एकदाच जातो, कसला हिशोब करतोस?" हेही मला ऐकवलं जातं. पण जे एकदाच जातात, त्यांच्यासाठीच तर ही यंत्रणा उभी आहे. पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाला असं फसवता येत नाही. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीतून टूरला जाणाऱ्या काका-काकूंना शोरूममध्ये वीस मिनिटांत तीस हजारांचा निर्णय घ्यायला लावायचा, आणि तोही तीन खोट्या बेरजांवर, हे मला पटत नाही.

तेव्हा बजेटमध्ये रिफंड शून्य धरा, 'फुकट' शब्दाची किंमत विचारा, आणि घरून निघतानाच बॅगेत एक रिकामं वीस सेंटीमीटरचं खोकं ठेवा. त्यात जे बसत नाही, ते कितीही सुंदर असलं तरी मुरानोतच राहू दे. तिथे ते सातशे वर्षं सुखात आहे.